फोटोतल्या धड्याचा तक्ता

नागरिकशास्त्रात संसदीय आणि अध्यक्षीय शासनपद्धतीचा धडा आला की वर्गाच्या ग्रुपवर पुस्तकाच्या पानांचे फोटो फिरू लागतात. त्यावरून भारत आणि अमेरिका यांच्या तुलनेचा तक्ता करायचा असतो. फोटोत पानाचा क्रमांक दिसायला हवा, कारण पाठवताना पाने मागेपुढे होतात. बांधणीजवळच्या ओळी वाकून पुसट होतात. तिथे एखादा ‘नाही’ निसटला, तर अर्थ उलटा होतो. वाक्य पानाच्या शेवटी तुटले असेल, तर पुढचे पान हाती आल्याशिवाय ते तक्त्यात घेऊ नये.

खरी मेहनत डावीकडच्या रकान्याची. धड्यात आधी एका पद्धतीचे वर्णन येते, मग दुसरीचे, आणि दोन्हींत मुद्द्यांचा क्रम सारखा नसतो. म्हणून तिथे मथळ्यांऐवजी दोन्ही देशांना विचारता येतील असे प्रश्न लिहावेत.

‘प्रमुख कोण?’ हा प्रश्न मात्र फसवा आहे. भारतात राष्ट्रपती, अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष असे लिहिले की दोघे सारखेच वाटतात. त्या ओळीच्या दोन ओळी केल्या की फरक उघडा पडतो.

| मुद्दा | भारत | अमेरिका |
|---|---|---|
| राष्ट्रप्रमुख | राष्ट्रपती | राष्ट्राध्यक्ष |
| प्रत्यक्ष कारभार | पंतप्रधान व मंत्रिमंडळ | राष्ट्राध्यक्ष |
| मंत्री सभागृहाचा सदस्य? | हवा, नसल्यास सहा महिन्यांत व्हावे लागते | असू शकत नाही |
| मुदतीआधी कसे जातात? | लोकसभेने विश्वास गमावल्यास | महाभियोगात दोषी ठरल्यास |

तिसऱ्या ओळीमागे ठोस उदाहरण आहे. 2009 मध्ये हिलरी क्लिंटन परराष्ट्रमंत्री झाल्या, तेव्हा त्यांना सिनेटची जागा सोडावी लागली. भारतात खासदारकी ठेवूनच मंत्री होता येते.

सर्वांत जास्त चुका होतात शेवटच्या ओळीत. अविश्वास आणि महाभियोग समोरासमोर आले की ते एकच वाटतात. 17 एप्रिल 1999 रोजी वाजपेयी सरकार विश्वासदर्शक ठरावावर 269 विरुद्ध 270 अशा एका मताने पडले. त्यासाठी कोणताही गुन्हा सिद्ध करावा लागला नाही, पाठिंबा संपला एवढे पुरले. अमेरिकेत प्रतिनिधिगृह साध्या बहुमताने आरोप ठेवते, पण पदावरून काढायला सिनेटमध्ये हजर सदस्यांची दोन-तृतीयांश मते लागतात, आणि तीही देशद्रोह, लाच किंवा तशाच गंभीर गुन्ह्यासाठी. बिल क्लिंटन यांच्यावर 1998 मध्ये आरोप ठेवले गेले, पण सिनेटने त्यांना दोषी ठरवले नाही. म्हणून या ओळीत ‘कशामुळे’ आणि ‘किती मतांनी’ हे दोन शब्द जोडले तरच ती पुरी होते.

भारताच्या राष्ट्रपतींवरही संविधानभंगासाठी महाभियोग चालवता येतो. पण तो या ओळीत घालू नये, कारण त्याने सरकार जात नाही.

तक्ता झाला की प्रत्येक चौकटीजवळ बारीक अक्षरात पानाचा क्रमांक टाकावा. धड्यात उत्तर नसेल, तर अंदाजाने भरण्याऐवजी चौकट मोकळी ठेवावी आणि बाईंना किंवा सरांना विचारून ती भरावी.