साठ काढा, नऊ लावा

बल्बबदलाच्या मोहिमेसाठी घोषवाक्य लिहायला बसलं की पहिली ओळ हमखास येते ती ‘वीज वाचवा, देश वाचवा’. ही ओळ भिंतीवर छान दिसते, पण ती वाचून कुणी स्टुलावर चढून बल्ब काढत नाही. महिन्याचं बिल भरणाऱ्या माणसाला आकडा लागतो, आणि तो त्याच्या घरात खरा ठरावा लागतो.

आकडा काढणं अवघड नाही. स्वयंपाकघरातला साठचा बल्ब रोज चार तास लागतो असं धरू. तीस दिवसांत तो 7.2 युनिट खातो. त्या जागी नऊ वॅटचा एलईडी लावला तर तेवढाच उजेड साधारण 1.1 युनिटमध्ये मिळतो. जुन्या बल्बमधली तार तापून उजळते आणि तिने घेतलेल्या विजेचा फार मोठा भाग नुसत्या उष्णतेत जातो. म्हणून तर पेटलेल्या बल्बला हात लावला की चटका बसतो. आता घोषवाक्य आपसूक तयार होतं: ‘साठ काढा, नऊ लावा; रोजचे चार तास, महिन्याला सहा युनिट वाचवा.’

यात रुपये नाहीत, युनिट आहेत, आणि ते मुद्दाम. आपल्याकडे घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. शंभर युनिटपर्यंत एक दर आणि पुढच्या युनिटला बराच जास्त. वाचलेलं युनिट नेहमी वरच्या टप्प्यातून कमी होतं, त्यामुळे तेच सहा युनिट एका घरी कमी रुपयांचे आणि शेजारी जास्त रुपयांचे ठरतात. फलकावर ठोक रक्कम छापली की निम्म्या गावात ती खोटी पडते. ‘बिल निम्मं’ असं तर लिहूच नये. स्थिर आकार बल्ब बदलला म्हणून उतरत नाही, आणि फ्रिज-पंख्यांची वीजही तेवढीच राहते.

घोषवाक्यांत सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो देवघरातला झिरोचा बल्ब. नाव झिरो, पण तारेचा असेल तर तो 12 ते 15 वॅट घेतो. रात्रभर दहा तास जळणारा पंधरा वॅटचा झिरो महिन्याला साडेचार युनिट खातो. त्याच्या जागी अर्ध्या वॅटचा एलईडी लावला तर हेच काम 0.15 युनिटमध्ये होतं. उलट न्हाणीघरातला साठचा बल्ब दिवसाला वीस मिनिटं लागत असेल, तर त्याचा महिन्याचा सगळा खर्चच 0.6 युनिट. वॅट किती यापेक्षा तास किती हे आधी बघायचं. माझ्या मते या मोहिमेची सर्वांत चांगली ओळ अशी: ‘नाव झिरो, खाणं साडेचार युनिट!’

एका घराचा हिशेब मांडू. वापर 110 युनिट, साठचे दोन बल्ब रोज चार तास आणि एक झिरो रात्रभर. तिन्ही बदलले तर साधारण साडेसोळा युनिट वाचतात. समजा शंभरपर्यंतचा दर सगळं धरून 6 रुपये आणि पुढचा 10 रुपये आहे. मग वरचे दहा युनिट दहाच्या दराने आणि उरलेले साडेसहा सहाच्या दराने सुटले, म्हणजे महिन्याला सुमारे 140 रुपये. दर बदलतात, म्हणून फलकाखाली बारीक अक्षरात एवढंच लिहावं: आपल्या बिलावरचा वरचा टप्पा बघा.

मोहिमेत जुना बल्ब परत का मागतात, हेही सांगायला हवं. तो घरीच राहिला तर गोठ्यात नाहीतर माळ्यावर लागतो आणि वाचलेली वीज पुन्हा तिकडे जाते. मार्च 2021 मध्ये बिहारमधल्या आरा इथून सुरू झालेल्या ‘ग्राम उजाला’ योजनेत 10 रुपयांत एलईडी मिळायचा, पण बदल्यात तारेचा चालू बल्ब द्यावा लागे. उडालेला बल्ब वीज खात नसतो, त्यामुळे तो बदलून वाचणार काय? तेव्हा ओळ हवी ‘जळता द्या, नवा न्या’. ‘पिवळा द्या, पांढरा न्या’ ही जास्त गोड वाटते, पण फसवी आहे. पिवळसर उजेडाचे एलईडीही मिळतात, आणि घरातला पांढरा उजेड आधीच सीएफएलचा असू शकतो. चौदा वॅटचा सीएफएल देऊन नऊचा एलईडी लावला, तर चार तासांच्या हिशेबाने महिन्याला जेमतेम 0.6 युनिट वाचतं. त्या घराला सहा युनिटांचं आश्वासन दिलं की पुढच्या महिन्यात लोक बिल घेऊन दारात उभे.

बिल तपासायचीही रीत आहे. एप्रिलचं बिल फेब्रुवारीशी ताडून पाहिलं तर पंखेच सगळी बचत गिळलेली दिसतात. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. त्यातून गेल्या वर्षीचा तोच महिना घ्यायचा आणि रुपये सोडून युनिट ताडून पाहायचे.