पंधरा ग्रॅम फरसाणाचा हिशोब

मिसळीच्या दुकानात पैसा कुठे गळतो असं विचारलं, तर मालक तेल, गॅस आणि पगार ही नावं घेतात. डिशमध्ये पडणारं फरसाण कुणाच्या लक्षातही येत नाही. फरसाण आणि उसळ किती वाढायची, कशाने वाढायची आणि ते कोणी ठरवायचं याबद्दल या धंद्यात काही समजुती घट्ट बसल्या आहेत. त्यातल्या चार तपासून पाहू.

"दहा-पंधरा ग्रॅमने काय होतंय?"

समजा, मिसळीची एक डिश 90 रुपयांना विकली जाते. तीत 120 ग्रॅम उसळ (10 रुपये), 50 ग्रॅम फरसाण (10 रुपये), दोन पाव (8 रुपये), कट (5 रुपये) आणि कांदा-लिंबू-कोथिंबीर (3 रुपये) असा 36 रुपयांचा माल जातो. भाडं, पगार, गॅस, वीज यांचे डिशमागे 42 रुपये धरले तर मालकाच्या हातात 12 रुपये उरतात.

आता वाढणाऱ्याने फरसाण 50 ऐवजी 65 ग्रॅम टाकलं आणि उसळ 120 ऐवजी 150 ग्रॅम. किलोला 200 रुपये दराने जादा फरसाण 3 रुपयांचं, जादा उसळ अडीच रुपयांची. साडेपाच रुपये. 90 रुपयांच्या डिशसमोर ते किरकोळ वाटतात, कारण आपण ते विक्रीच्या किमतीशी ताडून पाहतो. ते जातात मात्र त्या 12 रुपयांतून, आणि मागे साडेसहाच उरतात. रोजच्या 200 डिश आणि महिन्याचे 26 दिवस धरले तर ही रक्कम 28,600 रुपये होते. भाव तुमच्या गावचे टाका, आकडे बदलतील. पण जादा माल नेहमी नफ्यातूनच जातो, हे बदलणार नाही.

"आमच्या वस्तादाचा हात म्हणजे काटा आहे"

मुरलेल्या हाताला अंदाज असतो, यात शंका नाही. तरीही तो हात चुकतो, आणि बहुतेक वेळा जास्तीच्या बाजूनेच चुकतो. कमी पडलं तर गिऱ्हाईक लगेच बोलतं, जास्त पडलं तर कुणीच तक्रार करत नाही. त्यामुळे हाताला सवय एकाच दिशेची लागते. त्यात ओळखीचं गिऱ्हाईक आलं की मूठ मोठी होते. डिश खोलगट असेल तर ती भरल्यासारखी दिसेपर्यंत हात थांबत नाही. शिवाय सकाळच्या आणि संध्याकाळच्या माणसाची मूठ वेगळी.

खात्री करायची तर गर्दीच्या वेळी, आधी न सांगता, दहा डिशमधलं फरसाण कट घालण्यापूर्वी वजन करून पाहा. सरासरी तर बघाच, पण सगळ्यात हलकी आणि सगळ्यात जड डिश यांतला फरकही बघा. सरासरी वर असेल तर प्रमाणच सुटलंय. सरासरी बरोबर, पण एका डिशमध्ये 40 ग्रॅम आणि दुसऱ्या डिशमध्ये 70, असं दिसलं तर साधन चुकीचं आहे किंवा साधनच नाही.

"एक पळी ठरवून दिली की काम झालं"

इथे जरा थांबायला हवं, कारण पळी आणल्यावरच खऱ्या गमती सुरू होतात. पळी मापते ती जागा, आणि आपण खर्च करतो तो वजनावर. उसळीच्या पातेल्यात मटकी तळाला बसते आणि पाणी वर राहतं. न ढवळता वरून पळी घेतली तर सकाळच्या गिऱ्हाइकाला नुसता रस्सा मिळतो आणि दुपारच्याला दुप्पट मटकी. म्हणून उसळ घट्ट ठेवावी, कट वेगळ्या पातेल्यात ठेवावा, आणि प्रत्येक वेळी तळापासून ढवळून पळी भरावी.

फरसाणाचं तर आणखी वेगळं. पापडी-गाठी जास्त असलेलं फरसाण पळीत कमी मावतं, बारीक शेव जास्त. डबा संपत आला की तळाचा चुरा राहतो आणि तीच पळी जड होते. शिगोशिग भरलेली पळी आणि सपाट केलेली पळी यांतला फरकच कधीकधी दहा-पंधरा ग्रॅमचा निघतो. तेव्हा "एक पळी" हे प्रमाण अपुरं आहे. "लाल दोरा बांधलेली पळी, काठाशी सपाट, 50 ग्रॅम" हे पुरं. फरसाणवाला बदलला की तीच पळी पुन्हा वजन करून पाहायची.

बाजारातल्या पळीवर माप सहसा लिहिलेलं नसतं. ते घरीच काढता येतं: रिकामी पळी काट्यावरच्या भांड्यात ठेवून काटा शून्यावर आणा आणि पळी काठोकाठ पाण्याने भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलीटर. वड्याच्या सारणासाठी खटक्याचा स्कूप घेणार असाल तर एक गोष्ट माहीत हवी. त्यावरचा नंबर जितका मोठा, तितका स्कूप लहान. एका अमेरिकन क्वार्टमध्ये, म्हणजे साधारण 946 मिलिलीटरमध्ये, असे किती सपाट स्कूप बसतात तो हा नंबर. म्हणून 8 नंबरचा स्कूप साधारण 118 मिलिलीटरचा आणि 16 नंबरचा 59 मिलिलीटरचा. काही स्कूपवर नंबर नसून नुसता व्यास असतो. तिथे पुन्हा पाण्याचाच उपाय.

काट्याबद्दलही एक गैरसमज आहे, की गर्दीत प्रत्येक डिश वजन करावी लागेल. तसं कुणीच करत नाही. काटा लागतो पळी ठरवायला आणि अधूनमधून तपासायला. मात्र तो एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा घ्या. पाच-पाच ग्रॅमने उडी मारणाऱ्या काट्यावर 50 आणि 52 मधला फरक दिसायचा नाही. भट्टीजवळच्या वाफेत आणि डुगडुगत्या टेबलावरही तो ठेवू नये. फरसाण किंवा मिठाई वजनाने विकत असाल, तर त्या काट्याला वैधमापन विभागाची पडताळणी आणि शिक्का लागतो.

"मोजून वाढलं की गिऱ्हाईक तुटतं"

गिऱ्हाईक चिडतं ते शेजारच्या टेबलावर जास्त आलेलं दिसलं म्हणून, किंवा कालच्यापेक्षा आज कमी आलं म्हणून. मोजून वाढल्यावर या दोन्ही तक्रारी उलट कमी होतात. पण प्रमाण ठरवताना नुसता खर्च बघून ते खाली ओढू नये. परत आलेल्या डिश बघा. फरसाण रोज उरत असेल तर 50 चं 45 करायला हरकत नाही. डिश चाटूनपुसून येत असेल आणि लोक दुसरा पाव मागत असतील, तर कमी करणं अंगाशी येईल.

हात सैल कुठे सोडायचा, हेही ठरवता येतं. वरच्या हिशोबात कट लिटरला 25 रुपये पडतो असं धरलं, तर जादा 100 मिलिलीटर कटाचे अडीच रुपये होतात. हा जादा कट गिऱ्हाइकाला दिसतो आणि लक्षात राहतो. तीन रुपयांचं जादा फरसाण कटात बुडून दिसेनासं होतं. माझ्या मते कटाच्या बाबतीत उदार असावं आणि फरसाणाच्या बाबतीत कडक. फक्त फुकट कटाचा खर्च किमतीत धरलेला हवा. त्यासाठी केलेल्या लिटरमधून उरलेले लिटर वजा करून डिशच्या संख्येने भागायचं.

हाच भागाकार आठवड्याला फरसाणालाही लावावा. सुरुवातीचा साठा 15 किलो, खरेदी 70, शेवटी उरलं 12. म्हणजे गेलं 73 किलो. विक्री 1,200 डिशची असेल तर डिशमागे जवळपास 61 ग्रॅम. ठरलंय 50. मधले 13 किलो कुठे गेले ते शोधताना चोरीचा संशय सगळ्यात शेवटी घ्या. कामगारांचा नाश्ता आणि पावसाळ्यात सादळून टाकलेला माल आधी वजा करा. मग पार्सलकडे वळा: तिथे डिशची कड नसते, पिशवी कितीही भरते, आणि ठरवलेली पळी अनेकदा फक्त टेबलाच्या डिशसाठी वापरली जाते.