स्लाइड जुनाट का दिसते? सावली, ग्रेडियंट आणि ट्रान्सपरन्सीचा हिशोब

लासुर्ण्याहून मामेभावाचा रात्री मेसेज आला, "दादा, उद्या सेमिनार आहे. पीपीटी एकदा बघ ना." विषय होता उसाला ठिबक सिंचन. माहिती व्यवस्थित होती. पण पहिल्याच स्लाइडवर पिवळ्यातून हिरव्यात जाणारी चकाकती चौकट, अक्षरांना काळी सावली आणि मागे फिकट केलेला उसाच्या फडाचा फोटो. म्हटलं, "अरे, ही फाइल २००७ ची आहे का?"

२००७ उगाच नाही म्हटलं. त्या वर्षी विंडोज व्हिस्टा आणि ऑफिस २००७ बाजारात आलं आणि काचेसारखी चकाकी सगळीकडे दिसायला लागली. २०१३ मध्ये आयओएस ७ ने ती पुसून सपाट रंग आणले. तेव्हापासून जाड चकाकी दिसली की आपल्या डोळ्याला ती जुनी वाटते. सावली आणि ग्रेडियंट आजही वापरतात, फक्त हलक्या हाताने.

आधी सावली घेऊ. सावलीचं काम एकच: कुठली वस्तू वर आहे आणि कुठली खाली, हे सांगणं. भावाच्या एका चौकटीची सावली उजवीकडे पडत होती, दुसरीची डावीकडे. म्हणजे स्लाइडवर दोन सूर्य! पॉवरपॉइंटमध्ये चौकटीवर राइट क्लिक करून Format Shape उघडलं, की Effects मध्ये Shadow मिळतं. तिथे आम्ही सगळ्या चौकटींना एकच माप दिलं: Angle ९०, Distance ४, Blur १८ आणि Transparency ८५. सावली सरळ खाली, पसरट आणि पुसट झाली. (हे लॅपटॉपवर करा, फोनवरच्या अ‍ॅपमध्ये इतकी बारीक मापं देता येत नाहीत.) स्लाइड उघडताच आधी सावलीच नजरेत भरत असेल, तर ती जास्त झाली असं समजा.

अक्षरांची सावली मात्र काढूनच टाकली. मजकूर वाचायला सावली लागते, याचा अर्थ मागची बाजू चुकली आहे. भावाची खरी अडचण तीच होती.

त्याने फोटोच पारदर्शक केला होता, त्यामुळे फोटोही गेला आणि अक्षरंही उठेनात. फोटो पूर्ण ठेवायचा, त्यावर काळा आयत टाकायचा, तो थोडा पारदर्शक करायचा आणि वर पांढरी अक्षरं लिहायची. थोडा म्हणजे किती? फोटोत पांढरंशुभ्र आभाळ आहे असं धरून मोजा, कारण सगळ्यात वाईट जागा तीच. आयताची Transparency ७० ठेवली तर पांढऱ्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट जेमतेम २.१ येतो. ४० ठेवली तर ५.७. वेबसाइटसाठीचे नियम साध्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांना ३ मागतात. एक लक्षात ठेवा, इथे आकडा वाढला की आयत फिका होतो. डिझाइनच्या बऱ्याच अ‍ॅप्समध्ये Opacity असते, ती बरोबर उलटी.

"पण फोनवर तर ७० पण मस्त दिसतंय," भाऊ म्हणाला. दिसणारच. फोनची स्क्रीन काळा रंग खरंच काळा दाखवते. प्रोजेक्टर काळा रंग फेकूच शकत नाही, पडद्याचा जो भाग उजळला नाही तोच काळा. खिडकीतून उजेड आला की तो काळा राखाडी होतो आणि कॉन्ट्रास्ट आणखी घसरतो. त्याचा सेमिनार दुपारी होता, आणि हॉलला पडदे नाहीत हे त्यानेच सांगितलं.

पण Transparency ४० ठेवली की उसाचा फड सगळाच अंधारात जातो. इथे ग्रेडियंट कामाला आला. आयताला Gradient fill दिला, दोनच स्टॉप ठेवले आणि दोन्ही काळे: वरच्याची Transparency १००, खालच्याची २०. आभाळ आणि उसाचे शेंडे मोकळे राहिले, आणि शीर्षकाच्या मागे तेवढा काळोख आला. शीर्षक मात्र खालच्या एक तृतीयांश भागातच बसवायचं. त्या पट्टीच्या वरच्या कडेलाही, मागे पांढरं आभाळ धरलं तरी, कॉन्ट्रास्ट ४.४ च्या आसपास मिळतो, मोठ्या अक्षरांना तो पुरतो. बारीक मजकूर तिथे नको. आणि वरचा स्टॉप चुकून पांढरा ठेवलात तर मधे राखेसारखा पट्टा उमटतो. भावाचं पहिल्यांदा तेच झालं होतं.

पिवळा-हिरवा ग्रेडियंट काढून चौकटी एकाच गडद हिरव्या केल्या. शेवटच्या स्लाइडवरचं चकाकणारं 'धन्यवाद' मात्र त्याने काही काढू दिलं नाही.