चारशे कुटुंबं, पण कुठली?

शेतकरी कुटुंबाचं सरासरी उत्पन्न अमुक हजार, अशी बातमी येते तेव्हा प्रत्येक घरी कुणी विचारायला गेलेलं नसतं. थोड्या कुटुंबांवरून सगळ्यांचा अंदाज बांधलेला असतो. तो कितपत खरा, हे किती कुटुंबं घेतली यापेक्षा ती कशी निवडली यावर जास्त ठरतं.

एक काल्पनिक तालुका घेऊ. शेतकरी कुटुंबं वीस हजार, त्यांतली चारशे गाठायची आहेत. सगळ्यात सरळ पद्धत चिठ्ठ्या टाकण्याची. वीस हजार नावांतून चारशे उचलायची, प्रत्येकाला सारखी संधी. यालाच सरल यादृच्छिक नमुना म्हणतात. गणित स्वच्छ आहे, पण ही नावं आणायची कुठून? सातबाऱ्यावर खातेदार असतो, कुटुंब नसतं. एकाच घरातल्या तिघा भावांचे तीन उतारे निघतात, एखादा खातेदार पुण्यात नोकरीला असतो आणि जमीन बटाईने कसणाऱ्याचं नाव उताऱ्यावर बहुधा नसतंच. पाहणीत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. अशी यादी तालुक्यात तयार मिळत नाही. मिळाली तरी चारशे घरं शे-दीडशे गावांत विखुरणार, आणि खर्चाचा मोठा वाटा प्रवासातच जाणार.

शिवाय चिठ्ठीला मोठा शेतकरी, लहान शेतकरी कळत नाही. समजा, वीस हजारांपैकी सोळा हजार कुटुंबं अल्पभूधारक, तीन हजार मध्यम आणि एक हजार मोठी आहेत. चारशे चिठ्ठ्यांत मोठी कुटुंबं साधारण वीसच येतील, आणि वीस घरांवरून मोठ्या शेतकऱ्यांबद्दल ठाम काही सांगता येत नाही. म्हणून आधी जमिनीनुसार गट पाडायचे आणि प्रत्येक गटात वेगळ्या चिठ्ठ्या टाकायच्या. हा स्तरित नमुना. समजा, अल्पभूधारक २४०, मध्यम ८० आणि मोठे ८० घेतले.

खरी चूक होते ती पुढे, सरासरी काढताना. तिन्ही गटांचं वार्षिक उत्पन्न अनुक्रमे एक, दोन आणि पाच लाख निघालं असं धरू. चारशे फॉर्मांची सरळ सरासरी दोन लाख येते. पण मोठे शेतकरी तालुक्यात वीसात एक असताना नमुन्यात पाचात एक आहेत. प्रत्येक गटाला तालुक्यातल्या त्याच्या खऱ्या संख्येइतकं वजन दिलं की सरासरी १ लाख ३५ हजारांवर येते. फॉर्म तेच, उत्तरं तीच, फरक पासष्ट हजारांचा. मोठ्या शेतकऱ्यांची संख्या मुद्दाम वाढवली असेल, तर हे वजन द्यावंच लागतं.

तिसरी पद्धत समूह नमुन्याची. चिठ्ठ्या आधी गावांच्या टाकायच्या, निवडलेल्या गावांतच घरोघर फिरून कुटुंबांची यादी करायची आणि त्यातून कुटुंबं निवडायची. यादीचा प्रश्न सुटतो, प्रवासही वाचतो. किंमत मात्र वेगळ्या प्रकारे मोजावी लागते. कालव्याखालच्या गावात बहुतेकांचा ऊस, कोरडवाहू गावात बहुतेकांचं सोयाबीन. एकाच गावातलं विसावं घर नवीन फारसं सांगत नाही. या सारखेपणाचं माप शून्य ते एकच्या पट्टीवर ०.१ धरलं, तर वीस गावांतून वीस-वीस घरं घेतलेला चारशेचा नमुना चिठ्ठीने विखुरलेल्या साधारण १३८ घरांइतकाच कामाचा ठरतो. तीच चारशे घरं पन्नास गावांतून आठ-आठ घेतली, तर तो २३५ घरांच्या तोडीचा होतो. म्हणून गावं वाढवावीत, दर गावातली घरं कमी करावीत.

मोठ्या पाहण्यांत या पद्धती एकत्र वापरतात. राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१९ मध्ये शेतकरी कुटुंबांची स्थिती तपासली तेव्हा पहिल्या भेटीत ५,९४० गावांतून ५८,०३५ कुटुंबं घेतली, म्हणजे दर गावातून जेमतेम दहा. गावं स्तर पाडून निवडली होती आणि गावातल्या कुटुंबांचेही पुन्हा गट केले होते.

इतकं करूनही नमुना बिघडतो तो दारात. दिवाळीनंतर बीडमध्ये पाहणी केली, तर ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरांना कुलूप असतं. पाहणी करणारा शेजारचं घर घेतो, फॉर्म भरतो, आकडा चारशेच राहतो. पण घरी सापडलेलं कुटुंब बहुधा बऱ्या स्थितीतलं असतं, आणि गरिबी कागदावर कमी दिसते. ही चूक नमुना वाढवून जात नाही. अशा ठिकाणी पाहणी तोडणीच्या हंगामाबाहेर घ्यावी लागते, नाहीतर कुलूपबंद घरांची वेगळी नोंद ठेवून तिथे पुन्हा जावं लागतं. अहवालात किती घरं बदलली आणि का, हे लिहिलेलं नसेल, तर सरासरीवर विश्वास ठेवण्याआधी ते विचारावं.