दहाचा गुणाकार, पण बेरजेने

दहाने गुणायचे तर आकड्यापुढे एक शून्य द्यायचे, हे शाळेतले लहान मूलही सांगते. द्विमान पद्धतीत मात्र शेवटी शून्य दिले की संख्या दुप्पट होते. दोन शून्यांनी चौपट, तीन शून्यांनी आठपट. दहापट या रांगेत कुठेच येत नाही. पण आठपट आणि दुप्पट यांची बेरीज दहापटच होते, आणि सगळी खुबी एवढ्यातच आहे.

की-पॅडवर कोणी १३७ दाबले, तर प्रोसेसरकडे तीन सुटे अंक येतात. आधी १. मग ३ आला की आधीच्या एकाची दहापट करून त्यात ३ मिळवायचे, झाले १३. मग ७ येतो, म्हणजे आता तेराची दहापट हवी. तेरा म्हणजे ११०१. एक घर डावीकडे सरकवले की ११०१०, म्हणजे २६. तीन घरे सरकवले की ११०१०००, म्हणजे १०४. बेरीज १०००००१०, म्हणजे १३०. त्यात ७ मिळवले की काम झाले.

चिपमध्ये सरकवण्यासाठी वेगळे सर्किटही लागत नाही. तारा एक किंवा तीन घरे पुढे जोडल्या की झाले. लागतो तो एक ॲडर. तोही आखूड चालतो, कारण आठपटीच्या शेवटच्या तीन घरांत शून्येच असतात. उत्तराची ती तीन घरे दुपटीतून जशीच्या तशी उचलायची.

इंटेलच्या १९७६ सालच्या ८०८५ मध्ये गुणाकाराची सूचनाच नाही. तिथे हीच दहापट थोड्या वेगळ्या वाटेने काढतात:

```
MOV D,H
MOV E,L
DAD H
DAD H
DAD D
DAD H
```

मूळ संख्या HL या रजिस्टर-जोडीत असते. पहिल्या दोन ओळी तिची प्रत DE मध्ये ठेवतात. मग दुप्पट, पुन्हा दुप्पट, त्यात मूळ संख्या, आणि शेवटी सगळ्याची दुप्पट: १३, २६, ५२, ६५, १३०. घड्याळाचे ४८ ठोके, म्हणजे ३ मेगाहर्ट्झवर १६ मायक्रोसेकंद. १९७८ च्या ८०८६ मध्ये गुणाकाराची सूचना आली, पण १६ बिटांच्या एका गुणाकाराला ती किमान ११८ ठोके घेई. म्हणून स्थिर संख्येने गुणताना जाणकार तिथेही सरकवणे आणि बेरीजच पसंत करत.

चूक होते ती जागेच्या हिशेबात. १६ बिटांत ६५५३५ पर्यंतच आकडा मावतो, म्हणजे ६५५३ च्या पुढच्या संख्येची दहापट बसत नाही. अनेकजण फक्त शेवटच्या बेरजेनंतर कॅरी तपासतात. १६३८४ घेऊन पाहा. दुसऱ्या दुपटीला ६५५३६ होतात. कॅरी बाहेर पडतो आणि HL मध्ये शून्य उरते. त्यात १६३८४ मिळवून दुप्पट केली की उत्तर येते ३२७६८, आणि शेवटचा कॅरी शून्य. तपासणी पार होते, उत्तर मात्र साफ चुकीचे.

म्हणून प्रत्येक DAD नंतर JC हवा. नवा अंक मिळवतानाही हवा: ६५५३ पुढे ६ दाबला तर गुणाकार बरोबर निघतो, पण बेरीज उतू जाते.