हेडफोन टाकू नका, आधी गादी बदला

हेडफोनचा बास कमी झालाय? गाणं लावून दोन्ही कप कानावर हलके दाबा. बास वाढला, तर स्पीकर ठीक आहे. चपट्या गादीच्या फटीतून आवाज निसटतोय.

सोनीचं WH-1000XM4 घ्या. मॉडेलचं नाव टाइप करूनच गादी मागवा. डाव्या कपात सेन्सर असतो. नव्या गादीचं कापड त्याच्यावर आलं, तर हेडफोन काढल्यावरही गाणं चालूच राहतं.

गादीच्या कडेखाली प्लास्टिकची पट्टी सरकवून गोल फिरवा, क्लिपा सुटतील. स्क्रूड्रायव्हर नको, आतला पडदा फाटेल. नवी गादी टक्‌ आवाज येईपर्यंत चहूबाजूंनी दाबा आणि बास पुन्हा तपासा.

हेडबँडची गादी सोलली असेल, तर ती न उपटता वरून चेनवालं कव्हर चढवा.