चाराचे सहा झाले की पन्नास टक्के

"तालुक्यात सर्पदंशाच्या मृत्यूंत 50 टक्के वाढ" असा मथळा जिल्हा पानावर ठळक छापून येतो. मूळ आकडे बातमीच्या तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात सापडतात: मागच्या वर्षी 4 मृत्यू, यंदा 6. हे उदाहरण कल्पित असले तरी मथळ्याचा नमुना वाचकांच्या ओळखीचा आहे. त्यातला हिशेब बिनचूक आहे. चारावर दोन वाढले आणि दोन म्हणजे चाराचे निम्मे, म्हणून 50 टक्के. अशा मथळ्यावर संपादकांना पत्र लिहिणाऱ्याची पहिली अडचण हीच असते. आकडा खोटा आहे, असे त्याला म्हणता येत नाही. परिस्थिती खरोखरच बिघडली आहे, असा जो अर्थ मथळ्यातून निघतो, त्याला या आकड्यांचा आधार नाही, एवढेच त्याला दाखवायचे असते.

ते दाखवण्यासाठी एक साधा प्रश्न विचारता येतो. धोका दोन्ही वर्षी अगदी सारखाच असता, तर असे आकडे किती वेळा आले असते? दोन वर्षांत मिळून 10 मृत्यू झाले. धोका बदललेला नसेल, तर यातला प्रत्येक मृत्यू पहिल्या वर्षी होण्याची जेवढी शक्यता, तेवढीच दुसऱ्या वर्षी होण्याची. म्हणजे हा 10 वेळा नाणे उडवण्याचा हिशेब झाला. दहा नाणेफेकींचे एकूण 1024 क्रम संभवतात आणि त्यातल्या 386 क्रमांत छापा सहा किंवा त्याहून जास्त वेळा पडतो. हे प्रमाण सुमारे 38 टक्के आहे. काहीही बदललेले नसताना "50 टक्के किंवा त्याहून जास्त वाढ" दाखवणारी विभागणी दर आठांपैकी तीन वेळा नुसत्या योगायोगाने येते. बरोबर पाच-पाच अशी समान विभागणी होण्याची शक्यता मात्र चारात एक इतकीच आहे.

हीच टक्केवारी मोठ्या आकड्यांवर आली, तर चित्र पालटते. मृत्यू 400 वरून 600 वर गेले असते, तर योगायोगाने तसे घडण्याची शक्यता जवळजवळ शून्य ठरली असती. याचा एक ढोबळ नियम आहे: एकमेकांशी संबंध नसलेल्या घटनांची संख्या वर्षागणिक साधारण तिच्या वर्गमुळाएवढी खालीवर होते. सरासरी 4 असेल, तर 2 चा चढउतार नेहमीचा, म्हणजे तब्बल निम्मा. सरासरी 400 असेल, तर 20 चा, म्हणजे फक्त 5 टक्के. संख्या जितकी लहान, तितकी तिची टक्केवारी जास्त उसळते.

अशा चढउताराचे एक गाजलेले उदाहरण लाडिस्लाउस फॉन बोर्टकिएविच या संख्याशास्त्रज्ञाने 1898 साली लहान संख्यांच्या नियमावरील आपल्या पुस्तिकेत दिले. प्रशियाच्या लष्करात घोड्याची लाथ बसून दगावलेल्या सैनिकांच्या नोंदी त्याने तपासल्या. त्यातल्या दहा कोअरच्या, म्हणजे मोठ्या लष्करी विभागांच्या, 1875 ते 1894 या वीस वर्षांच्या नोंदी पुढे पाठ्यपुस्तकांत रूढ झाल्या. अशा 200 वार्षिक नोंदींत एकूण 122 मृत्यू होते. 109 नोंदींत एकही मृत्यू नव्हता, 65 नोंदींत एक, 22 नोंदींत दोन, तिघांत तीन आणि एका नोंदीत चार. फ्रेंच गणिती प्वासाँ याने 1837 मध्ये दिलेल्या सूत्राने, प्रत्येक नोंदीतला धोका सारखाच धरून हिशेब केला, तर अपेक्षित आकडे अनुक्रमे सुमारे 109, 66, 20, 4 आणि 1 असे येतात. एकाच वर्षी चार सैनिक गमावलेल्या कोअरमध्ये घोडे माजले होते किंवा शिस्त ढासळली होती, असे मानण्याचे कारणच उरत नाही. योगायोगाने जेवढे घडायला हवे होते, तेवढेच घडले होते.

मथळ्यात आणखी एक गोष्ट दडलेली असते, ती म्हणजे निवड. महाराष्ट्रात 36 जिल्हे आहेत. समजा, एखाद्या प्रकारच्या मृत्यूंची दोन वर्षांची बेरीज प्रत्येक जिल्ह्यात दहाच्या घरात आहे आणि धोका कुठेही बदललेला नाही. तरीही वरच्या हिशेबाने तेरा-चौदा जिल्ह्यांत 50 टक्के किंवा त्याहून जास्त वाढ दिसेल आणि जवळपास तितक्याच जिल्ह्यांत तशीच घट. घट झालेल्या जिल्ह्यांची बातमी सहसा होत नाही. त्यामुळे छापून आलेल्या आकड्यांवरून सगळीकडे वाढच होत असल्याचा समज होतो.

पत्र परिणामकारक होण्यासाठी त्यात बातमीची तारीख, पान, मूळ आकडे, आधीच्या काही वर्षांचे आकडे आणि पर्यायी मथळा एवढे पुरते. वरच्या कल्पित बातमीवरचे पत्र असे लिहिता येईल:

"मा. संपादक, स.न.वि.वि. आपल्या दैनिकात कालच्या अंकात पान 3 वर 'सर्पदंशाच्या मृत्यूंत 50 टक्के वाढ' असा मथळा आहे. बातमीतच दिल्याप्रमाणे ही वाढ 4 वरून 6 अशी आहे. आरोग्य विभागाच्या नोंदीनुसार गेल्या पाच वर्षांतील मृत्यू अनुक्रमे 5, 7, 3, 4 आणि 6 आहेत, म्हणजे सरासरी 5. यंदाचा आकडा नेहमीच्या चढउतारातच बसतो. 'सर्पदंशाने यंदा 6 मृत्यू. मागील वर्षी 4' असा मथळा वाचकांना नेमकी माहिती देईल. कळावे."

अशा पत्रात दोन चुका टाळाव्या लागतात. पहिली म्हणजे "वाढ झालेलीच नाही" असे ठासून सांगणे. लहान आकड्यांतून वाढ सिद्ध होत नाही, तशी ती खोटीही ठरत नाही. आकडा सलग तीन-चार वर्षे चढता राहिला, तर शंका घ्यायला जागा आहे. दुसरी चूक म्हणजे लहान संख्या नेहमीच बिनमहत्त्वाची मानणे. जिथे एरवी एकही रुग्ण नसतो, तिथे निपाहचे दोन रुग्ण सापडणे ही मोठी बातमी असते, कारण तो आजार माणसाकडून माणसाकडे पसरू शकतो. घटना सुट्या आहेत की एकमेकींशी जोडलेल्या, हे म्हणूनच पाहावे लागते. एकाच जीपच्या अपघातात सहा जण दगावले, तर मृत्यू सहा असले तरी घटना एकच असते. तिथे वर्गमुळाचा नियम मृत्यूंना नव्हे, अपघातांच्या संख्येला लावावा लागतो.

पत्राची दखल घेतली गेली नाही, तर भारतीय प्रेस परिषदेकडे तक्रार करता येते. मथळा सनसनाटी नसावा आणि त्याखालच्या मजकुराने त्याचे समर्थन व्हावे, असे परिषदेच्या पत्रकारितेविषयीच्या आचारसंहितेत म्हटले आहे. तक्रारीपूर्वी संपादकांच्या निदर्शनास बाब आणून दिलेली असावी लागते, म्हणून पाठवलेल्या पत्राची प्रत जपून ठेवायची असते. दैनिक आणि साप्ताहिकातील मजकुराविरुद्धच्या तक्रारीची मुदत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांची, तर इतर नियतकालिकांसाठी चार महिन्यांची आहे.